पडद्याच्या रॉडचा स्क्रू नुसता फिरतोय? ब्रॅकेट काढणं आणि भोक बुजवणं, सविस्तर

प्रश्न: मुलुंडला भाड्याच्या घरात राहते, महिनाअखेरीस घर सोडायचंय. पडद्याच्या रॉडचं ब्रॅकेट काढताना दोनातला एक स्क्रू नीट निघाला, दुसरा नुसता गोल फिरतोय, बाहेर येतच नाही. ब्रॅकेट ओढलं की आजूबाजूचा रंग फुगतो. जोर लावून उपटू का? आणि नंतर भोकं कशी बुजवू म्हणजे डाग दिसणार नाही?

उत्तर:

ताई, उपटू नका. हातोडीच्या मागच्या शिंगांनी तर अजिबात नाही. तुमचा स्क्रू अडकलेला नाहीये, उलट त्याला धरून ठेवणारी गिट्टी, म्हणजे भोकात ठोकलेली प्लास्टिकची नळी, सैल झाली आहे. स्क्रू बाहेर कधी येतो, तर गिट्टी जागेवर घट्ट बसलेली असते आणि स्क्रूचे आटे तिच्यातून सरकत वर चढतात तेव्हा. आता गिट्टीच स्क्रूबरोबर फिरतेय म्हटल्यावर आटे चढणार कशावर? तुम्ही दिवसभर फिरवलात तरी तो तिथेच फिरत राहणार आणि भोक आतून मोठं होत जाणार.

मी मुंबईत २२ वर्षं फिटिंगची आणि रंगाची कामं करतोय, आणि सुरुवातीच्या काळात लालबागच्या एका चाळीत मी नेमकं हेच केलं होतं, म्हणजे ब्रॅकेटच्या मागे हातोडीची शिंगं घातली आणि खेचलं. गिट्टी आली, पण तिच्या कडेला धरून जेवणाच्या ताटाएवढा प्लास्टरचा तुकडा खाली आला, आतली वीट उघडी पडली. आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते १५ एमएम जाड असतं, गिट्टी असते ३५-४० एमएम लांब, म्हणजे ती प्लास्टर ओलांडून विटेत गेलेली असते. बाहेर खेचली की तिची कड आणि पंख प्लास्टरला आतून बाहेर ढकलतात, आणि प्लास्टर विटेवरून सुटतं. तुमचा रंग फुगतोय ही त्याचीच सुरुवात आहे, किंवा मग रंग ब्रॅकेटच्या पत्र्याला चिकटलाय आणि त्याच्यासोबत उठतोय. दोन्हीतलं काय आहे ते बोटाने टकटक करून कळतं. पोकळ, भांड्यासारखा आवाज आला तर प्लास्टर सुटलंय, ठोस आवाज आला तर फक्त रंग उठलाय.

आता पुढचं काही तुमची भिंत कशाची आहे त्यावर आहे, आणि हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्ही बघू शकता. जो स्क्रू निघाला त्या भोकातून थोडी भुकटी खाली पडली असेल, ती बोटावर घ्या. लालसर असेल तर विटेची भिंत, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत बहुतेक हीच. राखाडी आणि कडक रवाळ असेल तर खिडकीच्या वरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये किंवा बीममध्ये भोक पाडलेलं आहे, तिथे भिंत फुटायची भीती सगळ्यात कमी. पांढरट, हलकी, चुरगळली की पिठासारखी होणारी असेल तर नव्या टॉवरमधले ब्लॉक असतील, ज्याला आपल्याकडे सगळे सायपोरेक्स म्हणतात, किंवा वरचं जिप्सम प्लास्टर असेल. या पांढऱ्यावाल्यात ठोकाठोकी करायची नाही, ते कडेने चुरा होत जातं.

काढायची पद्धत सांगतो. आधी रॉड उतरवा, टोकाच्या टोप्या काढून, आणि ब्रॅकेटच्या कपाखाली बारीक स्क्रू असतो तो ढिला करून. मग कटरने ब्रॅकेटच्या पत्र्याच्या कडेकडेने सगळीकडे रंग कापून घ्या, एकदा नाही दोनदा, ब्लेड प्लास्टरला लागेपर्यंत. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धं दुखणं इथेच वाचतं, कारण भाड्याच्या घरात दर रंगकामात ब्रॅकेटवरूनच रोलर फिरवलेला असतो, पत्रा आणि भिंत मिळून एकच कातडी झालेली असते, ती न कापता ओढली की हातभर सालपट निघतं.

मग पत्र्याच्या मागे, फिरणाऱ्या स्क्रूच्या शक्य तितक्या जवळ, पातळ सपाट स्क्रू ड्रायव्हर सरकवा. पण तो थेट भिंतीवर टेकवू नका, खाली पुट्टीचा पत्रा किंवा जुनं एटीएम कार्ड ठेवा म्हणजे भार पसरतो आणि भिंतीला खड्डा पडत नाही. एका हाताने ड्रायव्हर हलकेच कलता करून पत्र्याला बाहेरचा ताण द्या आणि दुसऱ्या हाताने स्क्रू उलटा फिरवा. ताण म्हणजे किती, तर पत्रा भिंतीपासून कागदाएवढा उठेल इतकाच. त्या ताणाने गिट्टी भोकाच्या एका बाजूला दाबली जाते, तिचं फिरणं थांबतं, आणि आटे चढायला लागतात. दोन-तीन वेढ्यांनंतर तुम्हाला हाताला कळेल की स्क्रू आता वर येतोय. कधी कधी गिट्टीसकटच सगळं हळूहळू बाहेर येतं, तेही चांगलंच आहे, फक्त फिरवत फिरवत येऊ द्या, सरळ खेचू नका.

स्क्रूच्या डोक्यातल्या खाचा रंगाने भरल्या असतील तर आधी टाचणीने साफ करा. घासून गेलेल्या खाचांना मोठ्या मापाचा ड्रायव्हर घेऊन, त्याच्यावर हातोडीने एक-दोन हलके ठोके देऊन, मग दाबून फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे मारायचा मोह होतो, पण तेल भिंतीत मुरलं की तिथे पुट्टीही धरत नाही आणि रंगही, त्यामुळे मारायचाच तर काडीने एक थेंब फक्त डोक्यावर. आणि काहीच चाललं नाही तर ड्रिलला लोखंडाचं ५ एमएमचं बिट लावून स्क्रूचं डोकंच पोखरून काढायचं. डोकं गेलं की ब्रॅकेट सरळ निघून येतं आणि उरलेला दांडा पकडीने धरून फिरवता येतो. फिरणाऱ्या स्क्रूवर मात्र ड्रिल चालत नाही, तोही सोबत फिरतो, त्यामुळे तुमच्या केसमध्ये वरचीच युक्ती.

ब्रॅकेट निघालं, आता गिट्टीचं काय? इथे बरेच जण चुकतात, सगळ्या गिट्ट्या उपटायलाच पाहिजेत असं धरून चालतात. माझा नियम असा की सैल झालेली काढायची, घट्ट बसलेली आत ढकलायची. सैल गिट्टीत तोच स्क्रू तीन-चार वेढे घालायचा, पूर्ण नाही, कारण पूर्ण घातला की ती फुगून परत भिंत धरते, आणि मग पकडीने स्क्रूचं डोकं धरून थोडं फिरवत बाहेर काढायची. घट्ट गिट्टीला मात्र हात लावू नका, तिची बाहेरची कड कटरने छाटा आणि जाड खिळ्याचं सपाट डोकं तिच्यावर ठेवून ठोकून ती ५-६ एमएम आत घालवा. ती आत राहिली तर फायदाच आहे, भोकाला तळ मिळतो, भरायचं कमी राहतं, आणि कमी भरलं की पुट्टी खचते कमी. सायपोरेक्सच्या भिंतीत ठोकून आत जाताना कडेचं फुटेल असं वाटलं तर थांबा आणि फक्त कड खोलवर कापून घ्या.

एक अपवाद आहे, लाकडी गिट्टी. जुन्या घरांत प्लास्टिकची नसते, सुताराने लाकडाचा गुटका ठोकलेला असतो. कन्नमवार नगरच्या एका घरातलं काम सांगतो, कारण तिथे सगळंच एका भोकात होतं. हॉलची खिडकी, उजवीकडचं ब्रॅकेट, त्यात दोन स्क्रू. आधीच्या माणसाने भोकं बुजवली होती, पण तीन महिन्यांत बुजवलेल्या जागेभोवती नाण्यासारखी गोल चीर आली होती आणि मधे पिवळट-तपकिरी डाग. मी ते उकरलं, आत लाकडी गुटका आणि त्यात तुटलेल्या स्क्रूचं टोक. ओली पुट्टी भरली तेव्हा लाकडाने पाणी प्यायलं आणि फुगलं, वाळल्यावर आकसलं, त्याची ती गोल चीर. आणि स्क्रूच्या टोकाला गंज चढून तो पुट्टीतून वर आला, तो डाग. गुटका घट्ट होता, काढला असता तर वीट आली असती, म्हणून मी पटाशीने तो ८-१० एमएम खोल खोदला, स्क्रूचं टोक त्याबरोबर निघालं, उरलेल्या लाकडाला ऑइल प्रायमरचे दोन हात दिले, एक रात्र सुकू दिलं, आणि मगच भरलं. नंतर त्याच घरी दोन दिवाळ्यांनी रंगाचं काम निघालं, ती जागा हाताने चाचपूनही सापडेना. तुमच्याकडे लाकूड दिसलं तर हेच करा. उरलेलं लोखंड काढता येत नसेल तर त्यालाही ऑइल प्रायमर लावा, आणि त्याच्यावर पीओपी तर मुळीच भरू नका, पीओपीत लोखंड फार लवकर गंजतं.

आता बुजवणं. डाग दिसतो तो पुट्टी वाईट असते म्हणून नाही, भोकाच्या काठामुळे. ड्रिल मारताना आणि स्क्रू काढताना भोकाभोवती रंग आणि प्लास्टरचा बारीक वरंबा उठलेला असतो. बोट फिरवून बघा, कडेला उंचवटा लागेल. त्या उंचवट्यावरूनच पुट्टी फिरवली की कितीही घासा, तिथे कायमची पुळी राहते, घासताना उंच भाग रंगाचा असतो आणि रंग पुट्टीपेक्षा चिवट असतो, मग पुट्टी झिजते आणि रंग तसाच. म्हणून भरायच्या आधी कटर तिरका धरून भोकाचा काठ आत कापायचा, उथळ बशीसारखा, मधे २-३ एमएम खोल आणि एक रुपयाच्या नाण्याएवढा रुंद. भोक मोठं केल्यासारखं वाटतं, जिवावर येतं, पण पुट्टीला बसायला जागा इथेच मिळते. सुटलेला, फुगलेला रंगही पुट्टीच्या पत्र्याने खरवडून टाका, जिथे घट्ट लागतो तिथपर्यंत. भिंतीला जुना डिस्टेंपर असेल आणि हाताला पांढरी पूड लागत असेल तर त्या पुडीवर पुट्टी धरणार नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मग जुन्या टूथब्रशने भोकातली धूळ झटका आणि ब्रशनेच आत पाणी मारा. कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी झटक्यात शोषून घेतं, पुट्टीला मुरायला पाणीच उरत नाही, वाळल्यावर ती खडूसारखी होते आणि नखाने निघते. पाणी मुरून ओलसर दिसलं पाहिजे, थेंब उभे राहिलेले नकोत.

भरायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी एक किलोची पिशवी पुरे, तुमच्या कामाला मूठभरच लागणार आहे. दोन वाट्या पावडरला साधारण पाऊण वाटी पाणी, थोडं थोडं घालत घोटायचं, दहा मिनिटं ठेवून परत घोटायचं, पत्र्यावर उचलली तर पडू नये इतकी घट्ट. गिट्टी निघून गेलेलं खोल भोक मात्र एका दमात पुट्टीने भरू नका, पुट्टी पातळ थरासाठीच बनवलेली असते, जाड भरली की मधे खचते आणि चिरते. कोरड्या आतल्या भिंतीला खोल भाग पीओपीने भरा, ते आकसत नाही आणि १५-२० मिनिटांत आवळतं. पण पाण्यात पावडर शिंपडून कालवा, पावडरीत पाणी नाही, आणि चमचाभरच कालवा. बाहेरच्या बाजूला पाऊस लागणारी भिंत असेल तर पीओपी टाळा, तिथे एक भाग सिमेंट तीन भाग बारीक चाळलेली रेती, दाबून दाबून. कागदाचे बोळे, साबण, टूथपेस्ट भोकात घालू नका, वरून दोन दिवस छान दिसतं आणि बोट दाबलं की आत जातं.

पहिला भर पृष्ठभागापेक्षा २ एमएम खालीच ठेवायचा. लगेच सपाट करायची घाई केली की तो वाळून खचतो आणि तुम्ही म्हणता मी तर भरलं होतं. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी परत ओलसर करून पुट्टीचा पातळ हात, चार इंची पत्र्याने, एकदा आडवा एकदा उभा ओढून, आणि काठाबाहेर तीन-चार इंच पसरवत न्यायचा, कडेला शून्य झाला पाहिजे. हा पसारा म्हणजेच सफाई. नेमकी भोकाएवढीच पुट्टी लावली तर गोल ठिपका दिसणारच.

वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२० चा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने घासू नका, बोट मऊ असतं, ते खोलगट जागेतच जास्त घासतं आणि तिथे वाटी पडते. तपासायला खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरा, सावली पडली की तिथे अजून एक हात. हे रात्री बघाच, कारण खिडकीच्या भिंतीवर दिवसा उजेड पडतच नाही, बाहेरच्या प्रकाशामुळे ती काळोखी दिसते आणि काम एकदम मस्त वाटतं, मग संध्याकाळी ट्यूब लावली की सगळे उंचसखल उठून दिसतात.

रंगाआधी प्रायमर नक्की. पुट्टी भिंतीपेक्षा जास्त पिते, प्रायमर न लावता रंग मारला तर तेवढाच भाग निस्तेज दिसतो, रंग तोच असूनही. पाणी घालायचा प्रायमर, पातळ एक हात, पुट्टीच्या पलीकडे इंचभर. मग रंग ब्रशने नाही, छोट्या चार इंची रोलरने, कारण आजूबाजूच्या भिंतीवर रोलरचे बारीक दाणे आहेत आणि ब्रशचा गुळगुळीत ठिपका वेगळा दिसतो.

रंग जुळवायचा कसा, तर आधी मालकांना विचारा, बऱ्याच घरी माळ्यावर उरलेला डबा असतो. नसेल तर भिंतीवरून नखाएवढी खपली घेऊन रंगाच्या दुकानात जा, मशिनवर मिळवून देतात. पण खपली ब्रॅकेटच्या मागची घेऊ नका, तिथे ऊन-धूळ लागलेली नसते, तो रंग मूळचा ताजा राहिलेला असतो आणि बाकी भिंत पिवळी पडलेली, मग अगदी बरोबर मिळवलेला रंगही चुकीचा दिसतो. उघड्या भागाची घ्या. आणि खरं सांगायचं तर चार-पाच वर्षांच्या जुन्या रंगात ठिपका शंभर टक्के मिसळत नाही. म्हणून मी खिडकीच्या वरचा पूर्ण पट्टा, म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आणि खिडकीच्या कडेपासून छतापर्यंत, एकदम रंगवतो. तेवढा भाग लहानच असतो, आणि कोपऱ्यावर रंग थांबवला की फरक डोळ्याला कळत नाही, कारण दोन भिंतींवर उजेड वेगळाच पडतो.

एका गोष्टीने मात्र हे सगळं अडू शकतं, ओल. सैल झालेल्या भोकातून ओलसर भुकटी निघत असेल, किंवा रंगाखाली पांढरा लोणा दिसत असेल, तर गिट्टी सैल व्हायचं कारण बहुधा खिडकीच्या चौकटीतून मुरणारं पाणी आहे. तिथे तुम्ही काहीही भरा, पावसाळ्यात पोपडे येणार. अशा वेळी भोक सिमेंट-रेतीने भरून सोडा, फोटो काढून मालकांना पाठवा आणि सांगा की पाणी बाहेरून येतंय, रंग नंतर मारावा लागेल. हे घर सोडायच्या आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तो डाग तुमच्या डिपॉझिटवर येतो.

वेळेचं म्हणाल तर शुक्रवारी संध्याकाळी ब्रॅकेट काढून काठ कापून पहिला भर, शनिवारी दुसरा हात, रविवारी सकाळी घासून प्रायमर, दुपारी रंगाचा पहिला हात आणि संध्याकाळी दुसरा. पाऊस असेल तर मधे एक-एक दिवस वाढवा, आणि पंखा लावून ठेवा. घासायच्या आधी पुट्टीवर नख दाबून बघा, गार आणि दमट लागली तर अजून ओली आहे, थांबा. टॉर्च लावल्यावर शंका आली तर फोटो टाका, आडव्या उजेडातला, समोरून फ्लॅश मारलेला नको, त्यात काही कळत नाही.